दोन सेकंदांची ओळख : लोगो आणि मोबाइलमधल्या जुन्या क्लिपमधून सिरीजचं स्टिंग कसं बनवायचं

या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्क्रीनवर करून दाखवलं, पण व्हिडिओ थांबवून थांबवून लिहून घेणं कठीण जातं असे बरेच मेसेज आले. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितो. विषय एकच आहे. तुमची दर आठवड्याला येणारी व्हिडिओ सिरीज आहे, आणि तिच्या सुरुवातीला जो छोटासा हलता लोगो येतो, तो स्वतः कसा बनवायचा.

याला आपल्याकडे सगळे सरसकट ‘इंट्रो’ म्हणतात. पण इंट्रो दहा-पंधरा सेकंदांचाही असतो. त्यात दुकान दिसतं, मालक दिसतात, पत्ता फिरत येतो. आपण ज्याबद्दल बोलतोय त्याला या धंद्यात ‘स्टिंग’ म्हणतात. एक छोटी हालचाल, एक आवाज, लोगो, संपलं. दोन सेकंद. मी दोन सेकंदांवर इतका अडून का बसतो ते साधं आहे. जो माणूस तुमचे वीस भाग बघणार आहे, तो हे वीस वेळा बघणार आहे. दहा सेकंदांचा इंट्रो तिसऱ्या वेळी तो अंगठ्याने पुढे ढकलतो, आणि एकदा अंगठा हलला की तो बरोबर तुमच्या पहिल्या वाक्यावर थांबेल याची काही खात्री नाही. दोन सेकंद ढकलायला कुणी हात उचलत नाही.

याचं आपल्या मराठी मुलखातलं सगळ्यात चांगलं उदाहरण शंभरीला आलंय. १९२९ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि आज त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभातचं बोधचिन्ह तुम्ही पाहिलं असेल : तुतारी फुंकणारी स्त्री. आता यात बघण्यासारखं काय आहे? कंपनीचं नाव ‘प्रभात’, म्हणजे पहाट. पहाट झाल्याची वर्दी द्यायला तुतारी. तुतारी आली म्हणजे आवाज आपोआप आला. म्हणजे नाव, चित्र, हालचाल आणि आवाज या चार गोष्टी एकाच कल्पनेतून निघाल्या. लोगो वेगळा, त्यावर कुठलं तरी संगीत वेगळं आणि मागे उडणाऱ्या ठिणग्या तिसऱ्याच, असं तिथे नाही.

दूरदर्शनचंही तसंच. ते चिन्ह एनआयडीच्या देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलं. पडद्यावर दोन वक्र आकार गोलाभोवती फिरत येतात आणि शेवटी जुळून डोळा तयार होतो. बाहेरून आणलेला एकही चकाकता इफेक्ट नाही. लोगोचेच तुकडे हलतात आणि आपल्या जागी येऊन बसतात. माझ्या पिढीतल्या कुणालाही ती धून ऐकवा, डोळ्यासमोर तो डोळा येतोच.

आपल्याकडे ना प्रभातचा स्टुडिओ आहे, ना एनआयडी. पण आपल्याकडे लोगो आहे आणि मोबाइलमध्ये कामाच्या क्लिप पडल्या आहेत. तेवढ्यात होतं.

आता एक खरं उदाहरण घेऊ. समुद्रपूर तालुक्यातल्या एक ताई वायगावची हळद विकतात. वायगाव हळदीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं हे वर्ध्याच्या लोकांना सांगायला नको. ताई दर आठवड्याला यूट्यूबवर हळदीबद्दल एका प्रश्नाचं उत्तर देतात. त्यांचा लोगो म्हणजे एक पिवळा गोल, त्यात हळदीचं पान आणि खाली देवनागरीत दोन शब्दांचं नाव. मोबाइलमध्ये हळद उकळताना, वाळवताना, ड्रममध्ये पॉलिश होताना, दळताना, चाळताना अशा पंचवीस-तीस क्लिप होत्या. एका व्हिडिओवाल्याने त्यांना इंट्रो बनवून दिला होता. नऊ सेकंदांचा, सोनेरी कण उडतात, लोगो तीनदा गरागरा फिरतो. ताई मला म्हणाल्या, “दादा, हे पाहून मलाच वाटते का ज्वेलर्सचं दुकान सुरू होऊन राहिलं.” बरोबर ओळखलं त्यांनी. त्या नऊ सेकंदांत हळद कुठेच नव्हती.

सुरुवात लोगोच्या फाइलपासून. ताईंकडे लोगो होता तो व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी. त्यात दोन अडचणी असतात. एक म्हणजे लोगोभोवती पांढरा चौकोन चिकटलेला असतो, तो व्हिडिओवर ठेवला की पाटी लावल्यासारखा दिसतो. दुसरी म्हणजे व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा घाण होतात. यावर उपाय तुमच्या प्रिंटिंगवाल्याकडे आहे. ज्याने पाऊच किंवा बॅनर छापला, त्याच्याकडे कोरलड्रॉची मूळ फाइल बहुतेक असतेच. त्याच्याकडून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी मागा, रुंदी किमान २००० पिक्सेल, आणि ती व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून नाही. सोबत कोरलची फाइलही मागून ठेवा. लोगोखाली टॅगलाइन असेल, ‘शुद्धतेची परंपरा’ वगैरे, तर स्टिंगसाठी ती काढलेली प्रत घ्या. एका सेकंदात माणूस नाव वाचतो, टॅगलाइन वाचत नाही. मोबाइलवर ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण यात मराठीवाले हमखास अडकतात. ॲपमध्ये अक्षरं एकेक करून उडत येण्याचे तयार इफेक्ट असतात. ते इंग्रजी अक्षरांचा विचार करून बनवलेले असतात. आपल्या नावाला तो इफेक्ट लावला की कित्येकदा वेलांटी एकीकडून येते, अक्षर दुसरीकडून, आणि जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त दिसतो. त्यामुळे नाव टाइप करायचंच नाही. लोगो हे एक अखंड चित्र म्हणून वापरायचं. नाव हलवायचंच असेल तर शिरोरेषेसकट सगळं एकत्र हलवा.

मग क्लिप निवडायची. फक्त एक. तीन-चार क्लिप कोंबायचा मोह होतो, पण स्टिंगमध्ये फूटेजला मिळतो जेमतेम एक सेकंद. त्याचे तीन तुकडे केले की डोळा एकही पकडत नाही, नुसतं लुकलुकतं. चांगली क्लिप म्हणजे जिच्यात एकच हालचाल आहे, ती एकाच दिशेने चालली आहे, आणि काय चाललंय ते आवाज बंद असला तरी अर्ध्या सेकंदात कळतं. चेहरा शक्यतो नको. आज कामाला असलेला माणूस सहा महिन्यांनी नसतो, आणि स्टिंग दोन वर्षं चालवायचं असतं. मागे दुसऱ्या कंपनीचं नाव छापलेलं पोतं दिसतंय का, दिवाळीच्या माळा दिसतायत का, हेही बघून घ्या.

ताईंना ड्रममध्ये हळद पॉलिश होतानाची क्लिप आवडत होती. दिसायला भारीच होती, पण ड्रम फिरतो, धूळ उडते, मागे दोन माणसं चालतात. डोळा कुठे ठेवायचा कळत नाही. मग आम्ही दळणाची क्लिप घेतली. चक्कीच्या तोंडातून पिवळी पूड गोल परातीत पडते. लोगो पण पिवळा गोल, परात पण गोल! परातीतल्या हळदीचाच लोगो होतो, ही कल्पना इथे सापडली. पण ती क्लिप तिरपी, समोरून घेतलेली होती. तिरप्या कोनातून गोल परात अंड्यासारखी लांबट दिसते, आणि लोगोचा गोल तिच्यावर काही केल्या बसेना. व्हिडिओ उभा ताणून परात गोल करता येते, पण मग बाजूचा हात लांबुळका होतो. शेवटी चाळणीची क्लिप सापडली. हळद चाळणीतून परातीत पडते आहे आणि मोबाइल अगदी वरून, सरळ खाली बघतोय. सुरुवातीला परातीत तळ दिसतो, शेवटी ती पिवळ्या रंगाने भरते आणि चाळणी बाजूला जाते. हीच क्लिप. तुमच्याकडेही असा आकार शोधा. बेकरीवाल्यांकडे बिस्किटाचा ट्रे आहे, टेलरकडे बॉबिन आहे, सायकलवाल्याकडे चाक आहे. लोगोतला आकार कामातल्या वस्तूत कुठे दिसतो, एवढंच शोधायचं. तो सापडला नाही तर रंगावरून जुळवा, तेही चालतं.

आता फ्रेमचा हिशोब, आणि खरं काम इथे आहे. व्हिडिओ म्हणजे पटापट बदलणारे फोटो. आपले मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० फोटो घेतात. म्हणजे दोन सेकंद म्हणजे ६० फ्रेम. बहुतेक लोक पहिल्या फ्रेमपासून बनवायला लागतात, क्लिप छान म्हणून ती लांबत जाते, आणि लोगोला शेवटी दहा-बारा फ्रेम उरतात. लोगो दिसला न दिसला तोच व्हिडिओ सुरू. म्हणून उलटं करा. आधी ठरवा लोगो पूर्ण उमटून स्थिर कधी झाला पाहिजे. दोन शब्दांचं नाव आरामात वाचायला मी जवळपास एक सेकंद ठेवतो. ताईंच्या स्टिंगमध्ये आम्ही शेवटच्या २८ फ्रेम लोगोला दिल्या. म्हणजे ३२व्या फ्रेमला लोगो पूर्ण दिसला पाहिजे. फूटेजमधून लोगोत जायला त्याच्या आधीच्या ६ फ्रेम, म्हणजे २६व्या फ्रेमपासून. उरलेली सुरुवात फूटेजची. ही ३२वी फ्रेम आपली खिळ्याची फ्रेम. चित्र, आवाज सगळं तिच्यावर ठोकायचं.

मी हे कॉम्प्युटरवर डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत करतो, कारण ती वॉटरमार्क टाकत नाही आणि फ्रेम मोजता येते. काइनमास्टरसारख्या मोबाइल ॲपमध्येही होतं, फक्त लेअर आणि कीफ्रेम या दोन सोयी हव्यात. फुकटवाल्या काइनमास्टरमध्ये त्यांचा वॉटरमार्क येतो, हे ध्यानात ठेवा. तुमच्या ओळखीवर दुसऱ्याचं नाव नको.

रिझॉल्व्हमध्ये नवीन प्रोजेक्ट उघडला की क्लिप टाकायच्या आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये `Timeline frame rate` ३० करा. क्लिप टाकल्यावर ते बदलू देत नाही. तुमची रोजची सिरीज २५ वर बनत असेल तर स्टिंगही २५ वर बनवा. मग दोन सेकंदांच्या ५० फ्रेम होतील आणि वरचा हिशोब त्या प्रमाणात कमी करावा लागेल. सिरीज एका गतीवर आणि स्टिंग दुसऱ्या गतीवर असेल तर हालचाल बारीक अडखळते. लोक म्हणतात, “काहीतरी झटका बसते,” पण कारण सापडत नाही. कारण हेच असतं.

टाइमलाइनवर तीन थर. सगळ्यात खाली एक सपाट रंग, `Solid Color`. ताईंसाठी फिकट क्रीम घेतला, कारण पिवळा गोल आणि काळपट नाव दोन्ही त्यावर उठून दिसतात. त्याच्यावर परातीची क्लिप. सगळ्यात वर लोगोची पीएनजी. रिझॉल्व्हचं घड्याळ सहसा एक तासापासून सुरू होतं, त्याने घाबरू नका. तुमची २६वी फ्रेम `01:00:00:26` अशी दिसेल आणि ३२वी फ्रेम `01:00:01:02` अशी, कारण ३० फ्रेम झाल्या की सेकंद एकने पुढे जातो.

क्लिप मुळात बरीच लांब होती. आपल्याला फूटेज हवंय पहिल्या ३२ फ्रेमभर. परात रिकामी ते परात भरलेली एवढा बदल त्यात बसायला पाहिजे. क्लिपवर राइट क्लिक करून `Change Clip Speed` मध्ये ४०० टक्के टाकलं, म्हणजे चारपट वेग. त्यात मूळ क्लिपचे सव्वाचार सेकंद बसले. यापेक्षा जास्त वेग दिला की पूड पडताना न दिसता नुसती झरझर दिसते. आणि क्लिप हातात धरून काढलेली असेल तर चारपट वेगात हाताची थरथरही चारपट दिसते. ताईंचा मोबाइल स्टॅण्डवर होता म्हणून निभावलं.

आता परात आणि लोगो एकमेकांवर बसवायचे. लोगोची `Opacity` तात्पुरती ४० करा, म्हणजे खालची परात आरपार दिसेल. क्लिपच्या शेवटच्या फ्रेमवर, म्हणजे परात भरलेली असताना, थांबा. मग लोगो नाही, क्लिपच `Zoom` आणि `Position` ने हलवा, जोवर परातीतल्या हळदीची कड लोगोच्या गोलाच्या कडेला लागत नाही. लोगो पडद्यावर जिथे आणि जेवढा हवा तिथेच राहू द्या, हालचाल क्लिपची करा. एक-दोन पिक्सेलचा फरक कुणाला दिसत नाही, पण दहा-बारा पिक्सेल सरकला की गोल उडी मारल्यासारखा वाटतो. क्लिप जास्त मोठी करावी लागली तर ती भुरकट होते. दीडपटीच्या पुढे मी जात नाही.

जुळलं की लोगोची `Opacity` कीफ्रेमने २६व्या फ्रेमला ० आणि ३२व्या फ्रेमला १०० करा. क्लिपची त्याच दोन फ्रेमवर उलटी, १०० वरून ०. बस. सहा फ्रेममध्ये परातीतली हळद लोगोचा गोल होते आणि परातीची कड, चौकट, हात सगळं क्रीम रंगात विरघळतं. लोगोला वेगळा झूम नको, फिरकी नको, चकाकी नको. गोल जागेवरच राहतो म्हणूनच मजा आहे. तो हलला की डोळ्याला परात आणि लोगो यांचं नातं कळत नाही. ३२ ते शेवटच्या ५९व्या फ्रेमपर्यंत लोगो अगदी स्थिर.

आवाजासाठी इंटरनेटवरून ‘लोगो साउंड’ उतरवू नका. एक तर तोच आवाज आणखी हजार चॅनलवर असतो. दुसरं म्हणजे त्याचा हक्क कुणाचा आहे हे कळत नसलं की पुढे यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, आणि स्टिंग प्रत्येक भागात असल्याने तो एका भागापुरता राहत नाही. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीतून घेतलं तर ती भीती नाही, पण आपल्या कामात आवाज असतोच की. ताईंच्या स्टिंगमध्ये सुरुवातीला चाळणीची खसखस आहे, मूळ क्लिपमधलीच, थोडी हळू. आणि ३२व्या फ्रेमला पितळेच्या वाटीवर चमच्याचा एक टोला. तो घरातच, पंखा बंद करून, गादीजवळ बसून मोबाइलवर रेकॉर्ड केला. गादी-उशांमुळे खोली घुमत नाही. आठ-दहा टोले घेतले आणि त्यातला एक निवडला.

वाटी का, ढोल का नाही? कारण तुमचे प्रेक्षक मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकतात. तो स्पीकर खोल, जड आवाज वाजवूच शकत नाही. कॉम्प्युटरच्या मोठ्या स्पीकरवर ‘धम्म’ झकास वाटतो आणि मोबाइलवर त्याच जागी काहीच ऐकू येत नाही. वाटीची किणकिण तिथेही पोहोचते.

टोला बसवताना आवाजाच्या लाटेत जिथे उंच सुळका दिसतो तो सुळका ३२व्या फ्रेमवर आणा, क्लिपची सुरुवात नाही. रेकॉर्डिंगच्या आधी थोडी शांतता असतेच, तिच्यामुळे टोला मागे पडतो. एखाद-दोन फ्रेमची चूक चालते. त्यापेक्षा जास्त झाली की लोगो आणि आवाज दोन वेगवेगळे प्रसंग वाटतात. आणि हे तपासताना ब्लूटूथ इअरफोन काढून ठेवा. ब्लूटूथमध्ये आवाज जरा उशिरा पोहोचतो. तुम्ही त्याच्यावर ऐकून टोला पुढे सरकवाल, आणि साध्या स्पीकरवर तो लोगोच्या आधीच वाजेल. वायरचा इअरफोन किंवा कॉम्प्युटरचा स्पीकर वापरा.

वाटीची किणकिण दोन सेकंदांत संपत नाही, आणि तिला तिथे कापूही नका. चित्र दोन सेकंदांत संपतं, आवाज त्याच्या पुढे सेकंदभर हळूहळू विरत तुमच्या पुढच्या दृश्यावर जातो. त्यामुळे स्टिंग आणि भाग यांच्यात भिंत राहत नाही. यासाठी आम्ही दोन फाइल काढल्या : चित्राची बिनआवाजी एमपी४ दोन सेकंदांची, आणि आवाजाची वेगळी वेव्ह फाइल तीन सेकंदांची. प्रत्येक भागात दोन्ही एकाच ठिकाणापासून ठेवायच्या. चित्र काढताना बिटरेट चांगला ठेवा, २० एमबीपीएस घेतला तरी फाइल पाच एमबीच्या आसपास येते. ती पुढे एडिटिंगमध्ये एकदा दाबली जाणार, मग यूट्यूब पुन्हा दाबणार. सुरुवातच कमजोर असेल तर लोगोच्या कडेला चौकडे दिसतात. आवाजाची पातळी तुमच्या बोलण्यापेक्षा वर जाऊ देऊ नका. रात्री कानात इअरफोन घालून बघणारा माणूस टोल्याने दचकला की परत येत नाही.

हे स्टिंग भागात कुठे टाकायचं? पहिल्या सेकंदाला नाही. आधी प्रश्न, मग स्टिंग, मग उत्तर. ताईंच्या एका भागात असं आहे : पाण्याचे दोन काचेचे ग्लास, दोन्हीत चमचाभर हळद. एकात पूड खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. दुसऱ्यात पूड खाली जाता जाता पाण्याला गडद पिवळा रंग सुटतो. ताई विचारतात, “यातली रंग मिसळलेली कोणती?” इथे कट, परात, लोगो, टण्ण. मग ताई सांगतात की गडद रंग सोडणारी. बघणाऱ्याला उत्तर हवं असतं म्हणून तो ते दोन सेकंद बसून राहतो. तेच स्टिंग प्रश्नाच्या आधी टाकलं असतं तर बसून राहायला त्याच्याकडे काहीच कारण नव्हतं. प्रश्नाला आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त लावू नका.

नुकसान होतंय का हे यूट्यूब स्टुडिओत दिसतं. भागाच्या ॲनालिटिक्समध्ये किती लोक कुठपर्यंत टिकले याची रेषा असते. सुरुवातीला ती सगळ्यांचीच घसरते, त्याने हताश होऊ नका. बघायचं एवढंच की स्टिंग जिथे आहे त्या दोन सेकंदांत उतार एकदम खडा होतो का. एका भागावरून ठरवू नका, चार-पाच भाग बघा. सगळ्यांत त्याच जागी खड्डा असेल तर आधी स्टिंगच्या अगोदरचं वाक्य ऐका. बऱ्याचदा तिथे प्रश्न अर्धवट नसतो, उत्तर आधीच देऊन झालेलं असतं, आणि लोक उत्तर घेऊन निघून गेलेले असतात. त्यात बिचाऱ्या स्टिंगचा काही दोष नसतो.

उभ्या व्हिडिओंसाठी, म्हणजे शॉर्ट्स, रील आणि व्हॉट्सॲप स्टेटससाठी, हेच स्टिंग कडेला काळे पट्टे ठेवून वापरू नका. तीस सेकंदांच्या स्टेटसमध्ये सुरुवातीचे दोन सेकंदही महाग आहेत. तिथे आम्ही फक्त शेवटचा भाग ठेवला : २६व्या फ्रेमपासून पुढचा, तोही व्हिडिओच्या शेवटी, वाटीच्या त्याच टोल्यासकट. त्यासाठी त्याच प्रोजेक्टमध्ये १०८० बाय १९२० ची दुसरी टाइमलाइन केली आणि गोल थोडा वर घेतला, कारण खाली ॲपची बटणं आणि मजकूर येतो.

शेवटी फोल्डरचं सांगतो. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट, मूळ क्लिप, पीएनजी, कोरल फाइल आणि टोल्याचं मूळ रेकॉर्डिंग हे सगळं एका फोल्डरमध्ये टाकून पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवा. पुढच्या वर्षी पाऊच बदलला आणि नावाचं अक्षर थोडं बदललं, तर फक्त पीएनजी बदलून पाच मिनिटांत नवीन स्टिंग निघतं. ताईंनी पाऊचचा रंग बदलायचं ठरवलंच आहे. गोल मात्र परातीएवढाच ठेवा असं मी प्रिंटिंगवाल्याला सांगायला लावलंय.